वेशीवरची कमान यंदा होणार नाही

दि. ५ फेब्रुवारी २०२३

गावातल्या सर्व मतदारांना, मला मत दिलेल्यांना आणि न दिलेल्यांनाही,

नमस्कार.

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बोलावली होती. जिलेबी वाटून झाली तोवर आम्ही त्रेसष्ट जण उरलो. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा लागतो. आपल्या गावाला शंभर लागतात. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे आज ती अठ्ठेचाळीस जणांत उरकली. सरपंच म्हणून माझं पहिलं भाषण त्या अठ्ठेचाळीस जणांनी ऐकलं, त्यातले नऊ जण आमच्याच घरचे. जे बोलले तेच लिहून घरोघर पाठवत आहे. नंतर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं कुणी म्हणू नये, एवढा एक स्वार्थ त्यात आहे.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशीच्या महिला सभेला मात्र ऐंशीच्या वर बायका होत्या. दीड तासात एकच विषय झाला, पाणी. माझा पहिला क्रमांक तिथेच ठरला.

आधी नको असलेली गोष्ट सांगून टाकते. वेशीवर स्वागत कमान यंदा होणार नाही. प्रचारात दोन्ही पॅनेलनी कमानीचा शब्द दिला होता. आमच्या पत्रकातही तो होता आणि त्या पत्रकावर फोटो माझाच होता. तेव्हा मी दप्तर पाहिलं नव्हतं. आता महिनाभर रोज दुपारी ग्रामपंचायतीत बसून रोकडवही आणि मागणी नोंदवही वाचली आहे. बचत गटाचं खातं अकरा वर्षं लिहिल्यामुळे आकड्यांची भीती वाटत नाही, पण या वह्या वाचून झोप उडाली.

"वरून लाखो येतात, जातात कुठे?" हा प्रश्न पारावर मी स्वतः विचारलेला आहे. उत्तर असं. वरून येणारा मुख्य पैसा म्हणजे पंधराव्या वित्त आयोगाचा. त्यातले शंभरातले ऐंशी रुपये ग्रामपंचायतीला, दहा पंचायत समितीला आणि दहा जिल्हा परिषदेला जातात. आपल्या २,४०० लोकवस्तीच्या गावाला वर्षाचे साधारण १२ लाख धरा. ते हप्त्याहप्त्याने येतात आणि वेळेवर येतील असं नाही. या १२ लाखांपैकी ६० टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार, 'बंधित' असतात. त्यातले निम्मे फक्त पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मे फक्त स्वच्छतेसाठी. उरलेले ४ लाख ८० हजार 'अबंधित'. ते गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येतात, पण पगार आणि कार्यालयाच्या खर्चाला त्यातला रुपया लावता येत नाही.

म्हणजे पाण्याचे ३ लाख ६० हजार कमानीला लावता येत नाहीत, कुणाची कितीही ओळख असली तरी. कमान करायची तर अबंधितातून, आणि बरी कमान म्हटली की ते ४ लाख ८० हजार तिथेच संपतात. मग रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल, गळकी अंगणवाडी, शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, सगळं पुढच्या वर्षावर. तालमीतल्या पोरांनी मला तोंडावर विचारलं, "वहिनी, शेजारच्या गावाला कशी झाली?" तिथली कमान आमदार निधीतली आहे. तो पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतच नाही. ग्रामविकास विभागाच्या २५१५ निधीतलं कामही तसंच, आपण फक्त मागणीचा ठराव देतो. तसा ठराव कमानीसाठी आणि मंदिराच्या सभामंडपासाठी मी देईन. आमदारांनी मंजूर केली तर नारळ पोरांनीच फोडावा.

आता पाणी. इथे जरा सविस्तर लिहिते.

शपथ वगैरे झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पाणीवाल्या काकांबरोबर टाकीपासून शेवटच्या वस्तीपर्यंत चालत गेले. हातात ओ.टी.ची बाटली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. छोट्या काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात या द्रावणाचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. टाकीखालच्या नळाला चांगला पिवळा रंग आला. मारुतीच्या देवळापाशी फिक्कट. खालच्या आळीत, ओढ्याकडच्या शेवटच्या नळाला, काहीच नाही. मी तिथे तीनदा टाकून पाहिलं. पाणी पांढरंच. एक आजी शेजारी हंडा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सूनबाई, रंग बघून काय करतीस, वास घे की." पहिल्या दोन हंड्यांच्या पाण्याला गटाराचा वास होता. पावसाळ्यात त्याच आळीत जुलाबाची लागण होते आणि आपण दर वर्षी म्हणतो की त्या लोकांना स्वच्छता कळत नाही.

कारण शोधलं, तर एक नाही, तीन निघाली.

पहिलं आपल्या पावडरचं. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचं प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम. आपली टाकी ५०,००० लिटरची, म्हणजे भरलेल्या टाकीला २५० ग्रॅम. आपल्याकडे मोजमाप होतं 'दोन मुठी'. शिवाय पोतं तोंड उघडं ठेवून ओल्या भिंतीला टेकवलेलं. त्या पावडरीतला क्लोरीन हवेने आणि ओलीने उडून जातो आणि चुना तेवढा राहतो. मग मुठी दोन टाका नाहीतर चार. हे सुधारायला पैसा लागत नाही. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि वजनकाटा आणला, ६४० रुपये खर्च आला, पावती दप्तरात आहे. आता पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळलेलं पाणी टाकीत सोडतात आणि अर्धा-पाऊण तास थांबून मग व्हॉल्व्ह उघडतात. पाणी अर्धा तास उशिरा येतं ते यासाठी. त्यावरून काकांना शिव्या देऊ नका, मला द्या.

दुसरं कारण जमिनीखाली आहे. देवळापासून खालच्या आळीपर्यंतची सुमारे ४०० मीटर लाइन जुनी आहे आणि तीन ठिकाणी गटारातून जाते. गटाराला कडेने बांधकाम नंतर झालं आणि पाइप आतच राहिला. सांधे झिजलेत. पाणी सुरू असताना पाइपातलं पाणी बाहेर गळतं, तोवर फारसं बिघडत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि बाहेरचं आत शिरतं. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या दोन हंड्यांत ते येतं.

तिसरं कारण आपणच आहोत. नळाला थेट लावलेले टुल्लू पंप. टुल्लू सुरू झाला की लाइनमधलं पाणी ओढलं जातं, पुढच्या नळाचा दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी चालू वेळेतही आत खेचलं जातं. वरच्या आळीतल्या टुल्लूमुळे खालच्या आळीतलं लेकरू आजारी पडतं, इतका सरळ हिशेब आहे. सदस्यांसोबत फिरून मी एकतीस टुल्लू मोजले. त्यातला एक आमच्या दिरांकडे होता. तो त्याच दिवशी काढला. आणि मोजताना आणखी एक गोष्ट निघाली, तीही सांगते, कारण नाहीतर दुसरं कुणीतरी सांगणारच. आमच्या वाड्यात नळ दोन, आणि मागणी नोंदवहीत नोंद एकाची. दुसऱ्या नळाची अनामत आणि तीन वर्षांची पाणीपट्टी भरून पावती घेतली आहे. घरात चार दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

तेव्हा २०२३-२४ च्या आराखड्यात पाण्याच्या बंधित पैशातून एकच काम धरलं आहे. ही ४०० मीटर लाइन गटाराबाहेरून नव्याने टाकायची आणि तीन व्हॉल्व्ह बसवायचे. त्यामुळे गावाचे भाग करून पाणी सोडता येईल आणि शेवटच्या नळाला दाब मिळेल. अंदाजे तीन लाखांत हे बसावं, पण खरा आकडा अभियंत्यांचं अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता आल्यावरच कळेल.

"जलजीवनमधून सगळं नवीन होणारच आहे, मग हा खर्च कशाला?" असं आज सभेत एका दादांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. जलजीवनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, असा हिशेब आहे आणि आपला प्रस्ताव गेलेला आहे. पण मंजुरी, निविदा, काम, यात किती उन्हाळे जातील हे मला सांगता येत नाही. पत्र लिहून विचारलं आहे की त्या योजनेत खालच्या आळीची लाइन धरली आहे का. धरली असेल आणि कामाचा आदेश या मार्चपर्यंत निघाला, तर आपण ही लाइन करणार नाही, कारण एकाच पाइपचे पैसे दोनदा काढायचे नसतात. नाही निघाला, तर एप्रिलमध्ये आपली आपण करू. आणि योजना कितीही नवी आली तरी तिचं वीजबिल आणि चालवण्याचा खर्च आपल्याच माथी आहे.

तो खर्च किती, हे एकदा नीट पाहा. मोटारीचं वीजबिल वर्षाला १ लाख ४४ हजार. पाणीवाल्या काकांचा पगार ९६ हजार. पावडर, वायसर, सांधे, मोटार जळली तर रिवाइंडिंग, असे साधारण ६० हजार. एकूण ३ लाख. गावात नळ ३८० आणि पाणीपट्टी वर्षाला १,२०० रुपये. सगळ्यांनी भरली तर ४ लाख ५६ हजार येतात. गेल्या वर्षी भरली १६७ जणांनी, २ लाख ४०० रुपये.

म्हणजे लाखाची तूट. ती कशी भरून काढली? पाण्याचं वीजबिल बंधित निधीतून भरायची मुभा आहे, त्यातून भरली. पाइपचे पैसे बिलात गेले. दोन वर्षं हेच चाललंय, तरीही वीजबिलाची १ लाख ४० हजारांची थकबाकी उरली आहे. मागच्या मे महिन्यात मोटारीची वीज तोडली होती ती याचमुळे. ज्यांनी पट्टी भरली होती त्यांनीही नऊ दिवस टँकरमागे धावाधाव केली. आधीच्या सरपंचांना मी दोष देत नाही. वीज तोडल्यावर कुणीही तेच केलं असतं.

पण आकडा उलटा करून पाहा. ३ लाखांचा खर्च ३८० नळांवर वाटला तर नळाला ७९० रुपयेसुद्धा येत नाहीत. १,२०० ची पट्टी जड वाटते, कारण न भरणाऱ्या २१३ नळांचं ओझं १६७ जण वाहताहेत. सगळ्यांनी भरली तर पहिल्याच वर्षी थकबाकी फिटते आणि दुसऱ्या वर्षी पट्टी ९०० वर आणण्याचा ठराव मी स्वतः मांडेन. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात कर भरणाऱ्याला दळण फुकट मिळतं, हे पुष्कळांनी ऐकलंय आणि मला ऐकवलंयही. तिथेही कर आधी आला, गिरणी नंतर.

घरपट्टीचीही हीच गत. मागणी ३ लाख, वसुली १ लाख ८० हजार. त्यातही डिसेंबरच्या निवडणुकीचे अर्ज भरायच्या आठवड्यात जी रांग लागली, तेवढी मी कधी पाहिली नव्हती. थकबाकीदाराचा अर्ज बाद होतो ना! या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. १ लाख ८० हजारांवर ते होतात ५४ हजार. दिव्यांगांचे ९ हजार झाले. गावात नोंदलेले दिव्यांग बारा. माणशी साडेसातशे. त्यातले एक काका आज सभेला कुबड्यांवर आले होते आणि पूर्ण वेळ बसले. त्यांना मी काय सांगणार होते? ही रक्कम यंदा मार्चअखेर न ठेवता याच महिन्यात त्यांच्या खात्यावर जाईल, एवढंच सांगितलं. कर्मचाऱ्यांच्या पगारातला शासनाचा वाटाही वसुलीच्या टक्क्यांवर अवलंबून आहे, म्हणजे आपण बुडवलेली घरपट्टी शिपायाच्या पगारातूनही कापली जाते.

स्वच्छतेच्या बंधित ३ लाख ६० हजारांबद्दल थोडक्यात. नवीन उघडं गटार करणार नाही. जिथे जमीन पाणी पिते तिथे घराशेजारी शोषखड्डे. नांदेड जिल्ह्यात यावर बरंच काम झालं आहे. पण ओढ्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, मुरूम लागेपर्यंत खोल गेलं नाही तर खड्डा महिन्यात तुंबतो आणि डास वाढतात. म्हणून आधी वरच्या, मुरमाड भागात. खालच्या आळीत बंदिस्त पाइपगटार, आणि तेही पाण्याची लाइन गटारातून बाहेर निघाल्यावरच. नाहीतर पुन्हा तेच खोदायचं.

आता पैसे प्रत्यक्ष बाहेर कसे पडतात, ते समजून घ्या, कारण गडबड तिथेच होते. काम आराखड्यात घेऊन ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढवायचं, अंदाजपत्रक आणि मान्यता घ्यायची, दर मागवायचे, काम करायचं. अभियंता मोजमाप पुस्तिकेत मोजमाप लिहितात. त्यावरून बिल होतं आणि मग संगणकावरून पैसे थेट ठेकेदाराच्या खात्यावर जातात. त्यासाठी दोन डिजिटल सह्या लागतात, ग्रामसेवक भाऊसाहेबांची आणि सरपंचांची. ही सही म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी एक चावी आणि तिचा पासवर्ड. बऱ्याच गावांत ही चावी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असते आणि सरपंचांना बिल निघाल्याचं हॉटेलात चहा पिताना कळतं. माझी चावी आली तेव्हा मलाही सांगण्यात आलं, "मॅडम, राहू द्या इथेच, तुम्हाला कशाला त्रास." ती मी घरी आणली आहे आणि मंगळसूत्राच्या डब्यात ठेवली आहे. आमच्या ह्यांना पासवर्ड माहीत नाही. त्यांना रस्त्यात 'सरपंच' म्हणून हाक मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, काम घेऊन त्यांच्याकडे जाल तर ते तुम्हाला माझ्याकडेच पाठवतील.

दुसरी गडबड मोजमापात होते. पाइप तीन फूट खाली आहे की दीड फूट, हे चर बुजवल्यावर देवालाही दिसत नाही. दीड फुटावरचा पाइप पहिल्या उसाच्या ट्रॉलीखाली फुटतो आणि पुस्तिकेत मात्र तीन फूट लिहिलेलं असतं. म्हणून एक गोष्ट मी आज सभेत ठरावात लिहून घेतली. लाइनचं काम चालू असताना प्रत्येक आळीतले दोघे जण, एक बाई आणि एक गडी, टेप घेऊन चर उघडा असताना खोली मोजतील आणि वहीत सही करतील. ती वही न पाहता बिलावर माझी सही होणार नाही. याने काम चार दिवस लांबेल, ठेकेदार कुरकुर करेल. करू दे.

हे सगळं मी एकटी करू शकत नाही, तेही सांगते. थेट जनतेतून निवडून आले तरी ठराव मासिक सभेत बहुमतानेच होतात. नऊ सदस्यांपैकी पाच जण समोरच्या पॅनेलचे, उपसरपंचही त्यांचेच. आमचं पाच वर्षं जमणार नाही, असा पारावर अंदाज आहे. पहिल्या मासिक सभेत उपसरपंच दादांनी एक सूचना केली. टुल्लू जप्त करण्याआधी सगळ्यांना पंधरा दिवसांची नोटीस द्या, नाहीतर एकाच बाजूचे काढले असं होईल. सूचना बरोबर होती, मी मान्य केली. नोटीस उद्या लागते. तारखेनंतर नळावर टुल्लू सापडला तर नळ तोडला जाईल, एकतीस घरांपैकी कुणाचंही असो.

दर महिन्याच्या मासिक सभेनंतर जमाखर्चाचं एक पान फळ्यावर लागेल. किती आले, कुणाला दिले, किती उरले. ज्यांना आख्खी रोकडवही पाहायची आहे त्यांनी मंगळवारी दुपारी दोन ते पाच कार्यालयात यावं, मी तिथे असते. पाणीपट्टीची थकबाकी एकदम जमत नसेल तर चार हप्त्यांत भरता येईल, तसा अर्ज याच वेळेत द्यावा. थकबाकीदारांची नावं फळ्यावर लावा, असं काहींनी सुचवलं. यंदा तरी नाही. आधी प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारणार आहोत. नवरा वारलेल्या बाईचं आणि बंगला बांधलेल्याचं नाव एकाच यादीत लावणं मला पटत नाही.

सोमवारपासून रोज सकाळी पाणी सुटल्यावर खालच्या आळीतल्या शेवटच्या नळावर ओ.टी. तपासणी होईल. रंग आला की नाही, तारखेसह तिथल्याच भिंतीवर खडूने लिहिलं जाईल. पहिला आठवडा बाटली घेऊन मीच येणार आहे, साडेसहाला. तिथल्या आजींना विनंती, पहिले दोन हंडे भरू नका, मी येईपर्यंत थांबा.

आपली,
सरपंच